राखीव आहे, पण पैसे कुठे आहेत? कर्जरोख्यांच्या परतफेडीची पार्श्वभूमी

फोंड्याच्या माझ्या मामाने नव्वदच्या दशकात एका कंपनीचे कर्जरोखे घेतले होते. मुद्दल सहाव्या, सातव्या आणि आठव्या वर्षी तीन हप्त्यांत परत मिळायचे होते. शेवटच्या हप्त्याच्या वेळी त्याने प्रमाणपत्राच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्प लावला, त्यावर सही केली आणि कागद रजिस्टर पोस्टाने कंपनीकडे पाठवला. पैसे आले आठ महिन्यांनी, तेही चार पत्रे लिहिल्यावर. मधल्या काळात तो कंपनीचा वार्षिक अहवाल माझ्यापुढे धरायचा आणि एका ओळीवर बोट ठेवायचा, ‘डिबेंचर रिडेम्प्शन रिझर्व्ह’, म्हणजे कर्जरोखे फेडण्यासाठीचा राखीव निधी. आकडा चांगला भरघोस होता. "बाबा, राखून ठेवलेत ना, मग देत का नाहीत?" मी तेव्हा बी.कॉम.ला होतो आणि मला उत्तर देता आले नव्हते.

उत्तर असे, की ती ओळ ताळेबंदाच्या देणे बाजूला होती. तिथे ‘राखीव’ म्हणजे नफ्यातला एवढा भाग लाभांश म्हणून वाटणार नाही, इतकेच. तो पैसा बँकेत आहे, यंत्रात गेला आहे की गोदामातल्या मालात अडकला आहे, हे ती ओळ सांगत नाही. ते जिंदगीच्या, म्हणजे मालमत्तेच्या बाजूला शोधावे लागते. मामाच्या कंपनीत त्या बाजूला परतफेडीसाठी वेगळी ठेवलेली एकही गुंतवणूक नव्हती.

कर्ज फेडण्यासाठी दरवर्षी थोडे थोडे बाजूला काढायच्या पद्धतीचे जुने नाव सिंकिंग फंड. त्याची मूळ कल्पना वहीतल्या नोंदीची नव्हतीच. कर्ज बुडवायचे, म्हणजे फेडून संपवायचे, म्हणून खरा पैसा बाहेर काढून ठेवायचा, अशी ती होती. इंग्लंडमध्ये 1717 साली मंत्री रॉबर्ट वॉलपोलच्या पुढाकाराने सरकारी कर्जासाठी असा फंड सुरू झाला. 1733 मध्ये जमिनीवरचा कर वाढवायला नको म्हणून त्याच वॉलपोलने त्यातले पैसे उचलले. चवथीसाठी बाजूला ठेवलेले पैसे पाहुणे आले म्हणून मोडावेत, तसेच ते. 1786 साली पंतप्रधान धाकट्या पिटने दरवर्षी दहा लाख पौंड स्वतंत्र आयुक्तांच्या हाती द्यायचा कायदा केला, म्हणजे सरकारलाच हात लावता येऊ नये. मग फ्रान्सशी युद्ध लागले आणि फंडात भरणा करण्यासाठी सरकार नवे, जास्त व्याजाचे कर्ज काढू लागले. 1813 मध्ये स्कॉटिश गणितज्ञ रॉबर्ट हॅमिल्टनने हिशेब मांडून दाखवले, की खर्चापेक्षा उत्पन्न जास्त असेल तरच कर्ज उतरते. फंड ही फक्त पेटी, ती स्वतः पैसे निर्माण करत नाही.

कंपन्यांनी ही पेटी उचलली आणि रोख्यांच्या विश्वस्त करारात तिचे कलम घातले. तिचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. समजा फोंड्याजवळच्या एका कारखान्याने एक कोटी रुपयांचे पाच वर्षांचे रोखे काढले आणि फंडावर 6 टक्के व्याज मिळेल असे धरले. दर वर्षअखेर 17,73,964 रुपये बाजूला काढायचे. दुसऱ्या वर्षी आधीच्या रकमेवर 1,06,438 रुपये व्याज येते. तेही फंडातच राहते, त्यावर नवा हप्ता पडतो आणि फंड 36,54,366 वर पोचतो. चौथ्या वर्षाअखेर तो सुमारे 77 लाख 60 हजार होतो. पाचव्या वर्षीचे व्याज आणि शेवटचा हप्ता मिळून एक कोटी पुरे होतात. हप्त्यांपोटी खिशातून गेले सुमारे 88 लाख 70 हजार, बाकीचे व्याजाने भरले. शेवटचा हप्ता मात्र गुंतवायचा नसतो, कारण दुसऱ्याच दिवशी तो रोखेधारकांना द्यायचा असतो. परीक्षेत मुले हमखास तिथे चुकतात.

आता यात काय बिघडते पाहा. व्याज 6 ऐवजी 5 टक्केच मिळाले तर हप्ते सगळे वेळेवर भरूनही फंड 98,02,270 वर थांबतो, जवळपास दोन लाख कमी. हे भरून काढता येते. पण तिसऱ्या वर्षी धंदा मंद म्हणून एक हप्ता चुकवला, तर व्याजासह 19,93,226 रुपयांचे भगदाड पडते, आणि ते देय तारखेपर्यंत ताळेबंदात कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

नोंदीही दोन जोड्यांत होतात. नफ्यातून फंडाच्या खात्यात जमा ही पहिली. बँकेतून पैसा काढून फंडाच्या गुंतवणुकीत घालणे ही दुसरी. परतफेडीच्या दिवशी गुंतवणूक विकून रोखेधारकांचे पैसे देतात आणि फंडाच्या खात्यातली शिल्लक सर्वसाधारण राखीव निधीत जाते. पैसा गेला तरी राखीव उरते! मामाला हे सांगितले तेव्हा तो वैतागला होता. दुसरी जोडी गाळून फक्त पहिली केली, तर नेमकी मामाच्या कंपनीसारखी स्थिती होते.

आपल्याकडे जनतेला विकलेल्या रोख्यांसाठी रकमेच्या निम्मी राखीव दाखवण्याचा दंडक तेव्हाही होता. 2000 सालच्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कलम 117सी आले आणि दरवर्षी नफ्यातून ‘पुरेशी’ रक्कम या राखीव निधीत टाकणे बंधनकारक झाले. पुरेशी म्हणजे किती, हे कलमात नव्हते. पुढे परिपत्रकांनी टक्केवारी ठरवली आणि 2013 साली ती 25 वर आली. त्या वेळच्या बदलातली माझ्या मते जास्त कामाची गोष्ट दुसरीच आहे. त्या आर्थिक वर्षात जेवढे रोखे फेडायचे असतील त्याच्या निदान 15 टक्के रक्कम 30 एप्रिलपर्यंत शेड्यूल्ड बँकेतल्या ठेवीत किंवा सरकारी रोख्यांसारख्या बोजा नसलेल्या गुंतवणुकीत ठेवायची. म्हणजे निदान थोडा खरा पैसा. उरलेले 85 टक्के कुठून येणार, हे मात्र कंपनीचे कंपनीने पाहायचे.

‘नफ्यातून’ या शब्दात दुसरी मर्यादा दडलेली आहे. नफाच नसेल तर टाकणार काय? आपल्या दारात उदाहरण आहे. कोकण रेल्वे महामंडळात गोव्याचा वाटा 6 टक्के होता आणि बांधकामाचा मोठा भाग बाजारात रोखे विकून उभा राहिला. 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला, पण सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न कर्जाच्या ओझ्याला पुरले नाही आणि रोखे फेडायला रेल्वे मंत्रालयाला मदत करावी लागली. तिथे मागे केंद्र सरकार होते. फोंड्याजवळच्या कारखान्यामागे कोण असणार?

2019 च्या ऑगस्टमध्ये नियम पुन्हा सैल झाले. शेअर बाजारात नोंदलेल्या म्हणजे सूचीबद्ध कंपन्या, बिगर-बँक वित्तसंस्था आणि गृहकर्ज कंपन्यांची राखीव निधीची सक्ती गेली, बाकी असूचीबद्ध कंपन्यांसाठी ती 10 टक्के राहिली. दुसऱ्यांच्या पैशांवर चालणाऱ्या वित्तसंस्था अडचणीत असतानाच ही सूट द्यावी, हे मला तेव्हाही खटकले होते. पण जी ओळ गेली ती पेटीवरची चिठ्ठी होती. जनतेला रोखे विकणाऱ्यांसाठी 15 टक्क्यांची गुंतवणूक कायम ठेवली गेली.

मामा आता अहवाल हातात आला की देणे बाजूकडे बघतच नाही. गुंतवणुकीच्या टिपणीचे पान काढतो, चष्मा कपाळावर सारतो आणि विचारतो, "यात बँकेचे नाव कुठे लिहिलेय?"