‘तप’ आठवलं, पण तप कशाचं? गोष्ट आणि खूण यांतला घोळ

सनावळ्यांचे व्हिडिओ करणारे कोचिंगचे सर मला स्क्रिप्ट वाचायला देतात, तेव्हा पहिल्या पानावर हमखास एक ओळ असते: ‘गोष्टीतून ट्रिक’. ती वाचली की मी पेन खाली ठेवतो. गोष्ट ही ट्रिक नव्हे आणि ट्रिक ही गोष्ट नव्हे. दोन्ही लक्षात ठेवायला मदत करतात एवढंच त्यांचं साम्य. खिळा आणि दोरी दोन्ही वस्तू टांगायच्या कामाच्या, म्हणून कोणी दोरी भिंतीत ठोकत नाही.

गोष्ट म्हणजे काय, हे शिक्षकाला सांगायला नको. आधी काय झालं, त्यामुळे नंतर काय झालं, माणसं कोण होती. हे तुम्ही रोजच करता, आणि गोव्यातली पोरं गोष्ट ऐकायला नाही म्हणत नाहीत. खूण म्हणजे आकडा शब्दात लपवणं: 61 म्हटलं की ‘तप’, कसं ते पुढे येतंच. यमक, आद्याक्षरांचे शब्द, आकड्यांची गाणी यांतले फरक मी सोडून देतो, त्यांत कोणी अडकत नाही. आद्याक्षरांबद्दल एकच सांगतो. ‘पहिलं अक्षर घ्या आणि शब्द बनवा’ या प्रकारातून फार तर नावांचा क्रम मिळतो, साल कधीच मिळत नाही. तरी निम्म्या स्क्रिप्टांत सनांसाठी हेच वापरलेलं असतं.

आता खरा फरक. गोष्ट क्रम आणि कारण धरून ठेवते, आकडा धरत नाही. खूण आकडा धरते आणि बाकी काहीच धरत नाही. ती आंधळी असते.

फोंड्याच्या एका क्लासात मागच्या बाकावर बसून मी हे प्रत्यक्ष पाहिलं. सरांनी गोव्याच्या मुक्तिलढ्याची झकास गोष्ट सांगितली, शेवटी फळ्यावर ‘तप = 61’ लिहिलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. आठवड्याने प्रश्नोत्तरं झाली. वाळपईहून बसने येणारी एक मुलगी उभी राहिली आणि पटकन म्हणाली, “सर, तप, एकसष्ट.” सरांनी विचारलं, “एकसष्टला काय झालं?” ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “लोहिया आले?” आकडा अचूक होता, घटना चुकली. तिच्या शेजारच्या मुलाला सगळी हकिकत क्रमाने आठवत होती, पण लोहियांचं साल त्याने 1948 सांगितलं. दोघांनी एकच व्हिडिओ पाहिला होता.

या दोन चुका वेगळ्या आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. आकडा बरोबर आणि घटना चूक असेल, तर शब्द घटनेला बांधलेला नाही. क्रम बरोबर आणि साल चूक असेल, तर गोष्टीत खूणच घातलेली नाही. वह्या तपासताना नुसतं ‘चूक’ असं लिहू नका, कुठल्या जातीची चूक ते बघा. ‘कोणत्या साली’ असा प्रश्न आला की खूण कामाची, ‘कालानुक्रमे लावा’ असा आला की गोष्ट. एकाच व्हिडिओत दोन्हींची सोय हवी असेल, तर आधी त्या वेगळ्या धरायला लागतात.

मी स्क्रिप्ट कशी बांधतो ते दाखवतो. घटना चार: 18 जून 1946ला मडगावात राममनोहर लोहियांची सभा, 1954च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेलीची मुक्ती, 15 ऑगस्ट 1955चा सामुदायिक सत्याग्रह आणि डिसेंबर 1961ची लष्करी कारवाई.

पहिली पायरी निव्वळ गोष्टीची, एकही साल न उच्चारता. सरांना हे जड जातं, पण करून बघा. लोहियांनी मडगावात जाहीर सभा घेऊन बंदी मोडली, म्हणून लोकांना कळलं की इथे बोलता येतं. ब्रिटिश गेले, पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार जागचा हलला नाही. उलट त्याने वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असं नाव देऊन टाकलं, म्हणून वाटाघाटींचा रस्ता बंद झाला. मग समुद्रापासून आत असलेले, भारतीय प्रदेशाने वेढलेले दादरा आणि नगर हवेली आधी सुटले. तिथे पोर्तुगिजांना कुमक धाडता आली नाही, म्हणून आपल्याकडच्यांचा हुरूप वाढला आणि पुढच्याच वर्षी सत्याग्रही जथ्थ्याने सीमा ओलांडून गेले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. निःशस्त्र मार्गाने हे होणार नाही असं स्पष्ट झालं, म्हणून शेवटी सैन्य आलं.

यातले ‘म्हणून’ मोजा. स्क्रिप्ट हातात आली की मी लाल पेनने प्रत्येक ‘मग’ला गोल करतो. ‘मग हे झालं, मग ते झालं’ ही गोष्ट नव्हे, ती बाजाराची यादी आहे. तिच्यातली दोन नावं आलटूनपालटून ठेवली तरी कोणाला कळत नाही. ‘म्हणून’चा सांधा उलटवून बघा: सीमेवरच्या गोळीबारानंतर दादरा सुटलं, हे वाक्य कानालाच खटकतं. क्रम टिकतो तो या खटकण्यामुळे.

दुसरी पायरी आकड्यांची. त्यासाठी मी अक्षरांना आकडे देणारी आपली जुनी कटपयादी पद्धत वापरतो. क ते झ म्हणजे 1 ते 9 (यात ङ धरून) आणि ञ शून्य. ट ते ध परत 1 ते 9, न शून्य. प ते म 1 ते 5. य ते ह 1 ते 8, ळ 9. काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन तेवढं धरायचं. परंपरेत आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण डावीकडून वाचतो, आणि हे व्हिडिओत एकदा सांगून टाका, नाहीतर कर्नाटक संगीत शिकणारा एखादा मेळकर्ता रागांच्या क्रमांकांचा दाखला घेऊन तुम्हाला चुकीचं ठरवील. पण पूर्ण तक्ता पहिल्याच व्हिडिओत पडद्यावर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. तेहतीस-चौतीस व्यंजनं बघून पोरं व्हिडिओ बंद करतात. त्या दिवशी लागणारी सहा-सात अक्षरंच दाखवा.

आता शब्द. 46 म्हणजे व आणि त: ‘वात’. लोहियांनी वात पेटवली. ‘भात’ही 46 होतो आणि जूनमध्ये पेरणीही असते, पण भाताने लोहियांचं काही सांगितलं जात नाही, म्हणून तो नको. 54 म्हणजे श आणि भ: ‘शुभ’. पोर्तुगिजांच्या ताब्यातला पहिला तुकडा सुटला, शुभारंभ झाला. 61 म्हणजे ‘तप’. 1510 ते 1961 अशी पोर्तुगीज अंमलाची साडेचारशे वर्षं, ते तप फळाला आलं.

1955साठी शब्द शोधत बसू नका. एका सरांनी मोठ्या उत्साहाने ‘सीमा’ घातला होता, कारण सत्याग्रही सीमेवर गेले. स सात, म पाच: 75 झाले. अर्थाला भुलून अक्षर न मोजण्याची ही चूक फार होते. मुळात इथे खूण लागतच नाही. गोष्टीत ‘पुढच्याच वर्षी’ आलेलं आहे आणि तो शब्द 54ला एक मिळवून देतो. दोन घटनांतलं अंतर गोष्ट स्वतः सांगते, तेव्हा तिथे खूण घातली की दोन शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात.

तिसरी पायरी म्हणजे शब्द गोष्टीच्या ऐन क्षणी ठेवणं. बहुतेक स्क्रिप्टा इथेच फसतात, वाळपईची ती मुलगीही इथेच फसली होती. ‘तप’ फळ्यावर शेवटी, गोष्ट संपल्यावर आला होता. तो सैन्य सीमेवरून आत शिरतंय त्याच वाक्यात यायला हवा होता. मी लिहितो ते असं:

“पत्रादेवीला 55 साली माणसांनी गोळ्या खाल्ल्या, म्हणून आता सैन्य उतरतंय. साडेचारशे वर्षांचं तप फळाला आलं. तप: त सहा, प एक. एकसष्ट.”

घटना, शब्द आणि आकडा एकाच श्वासात येतात, आणि ‘एकसष्ट’ला पडद्यावर फक्त 1961. दिवस-महिन्यासाठी मी एकही शब्द खर्च करत नाही. 19 डिसेंबरला सुट्टी असते आणि 18 जूनला क्रांती दिन, हे घरच्या कॅलेंडरवर असतंच.

शतकाचं काय, असं नेहमी विचारतात. खुणेत दोनच आकडे असतात, शतक गोष्टीने द्यायचं. इथे कळतं की एकीला दुसरीशिवाय भागत नाही. 1787चा पिंटोंचा उठाव आणि 30 मे 1987ला मिळालेला घटक राज्याचा दर्जा, दोन्ही 87. मी पहिल्याला ‘दास’ देतो, कारण गोंयकार पाद्र्यांना वरच्या पदांपासून दूर ठेवलं होतं, ही त्या कटामागची तक्रार होती. दुसऱ्याला ‘हसू’. द आणि ह दोन्ही आठ, स सात. शतक चुकायला नको असेल, तर शब्दाच्या आधी पाद्री दिसायला हवेत किंवा विधानसभा.

शब्द निवडताना आणखी एक सापळा आहे. 1510साठी मी बरीच वर्षं ‘पान’ वापरायचो, प एक, न शून्य. एका बॅचला पुढे 16 जानेवारी 1967चा जनमत कौल शिकवला. त्यात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध दोन पानांची निशाणी होती, विलीनीकरणाला फूल. अर्ध्या वर्गाने ‘पान’ ऐकून जनमत कौल सांगितला. तेव्हापासून 1510 माझ्याकडे ‘कान’ आहे. होनावरच्या तिमय्याने पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कचे कान भरले आणि त्याचा मोर्चा गोव्याकडे वळला. ‘कान भरणं’ पोरांना समजावून सांगावं लागत नाही. न आणि ण मात्र तोंडाने नुसते सांगू नका. ‘पान’ दहा आणि ‘पाणी’ पंधरा, मोबाइलच्या स्पीकरवर हा फरक ऐकू येत नाही. अक्षर लिहून दाखवा.

खात्री करायची तर दुसऱ्या दिवशी तीन दिशांनी विचारा: घटना देऊन साल, साल देऊन घटना, शब्द देऊन घटना. अडतं ते बहुधा तिसरीकडे. शब्द आठवतो आणि पुढे शांतता. तसं झालं की नवीन शब्द शोधू नका, स्क्रिप्टमध्ये तो शब्द कुठल्या वाक्यात बसवलाय ते बघा. फोंड्याच्या त्या सरांनी ‘तप’ शेवटच्या ओळीतून उचलून सैन्य शिरण्याच्या वाक्यात टाकला. पुढच्या वेळी ती मुलगी ‘तप’ म्हणाली, तेव्हा तिने आधी सैन्य उतरवलं.