माशी चावल्यावर येणारी सूज

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली की सूज येतेच. सूज येणं म्हणजे ॲलर्जी असं नाही आणि सूज वाढली म्हणजे आत पू झाला असंही नाही, पण आपल्याकडे या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की साध्या सुजेला अँटिबायोटिकचा कोर्स होतो आणि खरोखर जिवावर आलेल्या माणसाला खाजेची गोळी देऊन झोपवलं जातं. या सुजेचे तीन प्रकार आहेत, एक विषामुळे येणारी जागच्या जागी सूज (ती छोटीही असते आणि कधी कधी खूप मोठीही), दुसरं इन्फेक्शन, आणि तिसरी सगळ्या अंगावर उठणारी ॲलर्जी जिला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तिन्ही ओळखायला सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे घड्याळ. चावल्यापासून किती वेळाने काय झालं हे नीट सांगता आलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रकार वाटतो तेवढा दुर्मिळ नाही. एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला पारसिक आणि खारघरच्या टेकड्या, आणि मधे उंच टॉवर. आग्या माश्यांना उंच कड्याखाली मोहोळ लावायची सवय असते आणि त्यांच्या दृष्टीने पंधराव्या मजल्यावरचा स्लॅब हा कडाच आहे. गांधीलमाशी त्याहून घरगुती, एसीच्या आउटडोअर युनिटमागे, खिडकीच्या ग्रिलला, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दांडीला तिचं कागदासारखं करडं पोळं लटकलेलं असतं आणि आपला हात तिथे जाईपर्यंत ते दिसत नाही.

मधमाशीच्या काट्याला उलटी दातेरी धार असते म्हणून तो कातडीत अडकतो आणि विषाच्या पिशवीसकट तिथेच राहतो. माशी उडून गेली तरी ती पिशवी आकुंचन पावत राहते आणि बरंचसं विष पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच आत जातं. म्हणून काटा चिमटीने काढावा की कार्डाने खरवडावा या वादात वेळ घालवू नये, जो हात रिकामा असेल त्याने तो लगेच काढावा. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही, त्यामुळे ती एकटीच दोन-तीनदा डसू शकते. काटा सापडत नाही म्हणून सुईने टोकरत बसणं हा इन्फेक्शन ओढवून घ्यायचा सोपा रस्ता आहे.

विषात हिस्टामिन असतं, पेशी फोडणारं मेलिटिन असतं (हे मधमाशीच्या विषात) आणि पेशींमधला चिकटा विरघळवून विषाला आजूबाजूला वाट करून देणारं एक एन्झाइमही असतं. म्हणून चटका, ठणका, लाली आणि फुगवटा. बहुतेकांचं हे काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतं. साबणाने धुवायचं, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचा आणि बोटात अंगठी किंवा हातात बांगडी असेल तर सूज यायच्या आधीच काढायची, कारण नंतर ती कापावी लागते. चुना लावायची आपल्याकडे फार जुनी पद्धत आहे, पण विष आत खोल गेलेलं असतं आणि चुना वरची कातडी भाजतो, त्यामुळे तो लावू नये असं मी सगळ्यांना कळकळीने सांगते.

आता खरा गोंधळ जिथे होतो तिथे येऊ. काही जणांची सूज दुसऱ्या दिवशी थांबत नाही, वाढते. साधारण दहा सेंटिमीटरच्या पुढे गेली की तिला मोठी स्थानिक प्रतिक्रिया म्हणतात. ती 24 ते 48 तासांत सगळ्यात जास्त होते आणि पूर्ण जायला पाच ते दहा दिवस घेते. बघणाऱ्याला ती हमखास इन्फेक्शन वाटते कारण जागा लाल असते, गरम असते, ताणलेली असते.

आमच्या घोडबंदर रोडच्या बिल्डिंगमधलंच उदाहरण सांगते. माझ्या वहिनीला शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास कपडे काढताना गांधीलमाशी उजव्या हाताच्या पंजामागे चावली. रात्री झोपताना लिंबाएवढा फुगवटा होता. रविवारी सकाळी बोटांच्या खाचा दिसेनाशा झालेल्या, सूज मनगटाच्या वर गेलेली, आणि संध्याकाळपर्यंत ती कोपराच्या चार बोटं अलीकडे आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं सेप्टिक झालंय हे, आत्ताच्या आत्ता इंजेक्शन घे." वहिनी घाबरली, आणि घाबरण्यासारखंच दिसत होतं ते. पण आम्ही तीन गोष्टी बघितल्या. एक म्हणजे वेळ, अजून 24-26 तासच झाले होते आणि इन्फेक्शनला इतक्या लवकर एवढी मोठी सूज आणायला वेळच मिळालेला नसतो. दुसरं, तिला दुखण्यापेक्षा खाज जास्त होती, अगदी न राहवणारी. तिसरं, ताप नव्हता, जेवण व्यवस्थित गेलं होतं, चावल्याच्या जागी पू नव्हता. मग बॉलपेनने सुजेच्या कडेने रेघ ओढली, रेघेशेजारी वेळ लिहिली, हात उशीवर उंच ठेवला.

सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे गेलो. सूज रेघेच्या बोटभर पुढे गेली होती पण रंग फिका झाला होता. त्यांनी अँटिबायोटिक दिलं नाही. रात्री एक सेटिरिझिन, दुखलं तर पॅरासिटामॉल, लावायला सौम्य स्टेरॉइडचं मलम, आणि सोमवार रात्रीपर्यंत वाढतच राहिली तर तीन दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या देईन असं सांगितलं. त्या लागल्याच नाहीत. मंगळवारी सूज मनगटापर्यंत मागे आली, शुक्रवारी पंजावर थोडी जाडी उरली आणि कातडी सुटायला लागली. अशा सुजेत कधी कधी हातावरून वर जाणारी फिकट लाल रेघही दिसते, ती पहिल्या दोन दिवसांत आली आणि माणूस बाकी ठणठणीत असला तर तीही बहुधा या प्रतिक्रियेचाच भाग असते. मात्र ताप आला किंवा ठणका वाढत चालला तर त्याच रेघेचा अर्थ बदलतो, तेव्हा थांबू नये.

इन्फेक्शन एकूण कमीच होतं, आणि त्याची चाल वेगळी असते. सूज आधी उतरायला लागते आणि मग साधारण तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा फिरते. खाज मागे पडते आणि ठणका पुढे येतो, हात लावू देत नाही, मधोमध पिवळं तोंड धरतं किंवा पू येतो, काखेत अवधाण येतं, अंगात कणकण. यामागे बहुतेक वेळा माशीपेक्षा नखं जास्त कारणीभूत असतात, मुलं खाजवून खाजवून कातडी फोडतात. शुगर असलेल्या माणसाने अशी फिरलेली सूज एक दिवससुद्धा घरी सांभाळू नये. इथे अँटिबायोटिक खरोखर लागतं, आणि ते डॉक्टरांनी बघूनच ठरवायचं, मागच्या वेळची उरलेली स्ट्रिप काढून नव्हे.

तिसरा प्रकार मात्र दिवसांत नाही, मिनिटांत येतो. चावल्यापासून बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत, क्वचित तास-दोन तासांनी. खूण एकच धरायची, ती म्हणजे चावलंय एकीकडे आणि त्रास दुसरीकडे. पायाला चावलं आणि पोटावर, पाठीवर पित्त उठलं, ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला, आवाज बदलला, छातीत घरघर, उलटी, पोटात मुरडा, घेरी, डोळ्यांपुढे अंधार. काही जणांच्या अंगावर पित्त उठतच नाही, ते सरळ पांढरे पडून कोसळतात, म्हणून पित्त नाही म्हणजे धोका नाही असं समजू नये. चावलेल्या जागी सूज मोठी आहे की छोटी याच्याशी याचा काही संबंध नाही.

औषध एकच, ॲड्रेनालिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एक मिलिग्रॅमच्या अँप्युलमधला अर्धा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी परत. मुलांना वजनाप्रमाणे कमी. सेटिरिझिन आणि ॲव्हिलने पित्त बसतं पण घसा आणि बीपी सांभाळले जात नाहीत, त्यावर विसंबून ज्यांनी वेळ घालवला त्यांचंच नुकसान होतं. या प्रतिक्रियेत हृदय बंद पडायचंच असेल तर ते बऱ्याचदा पंधरा मिनिटांच्या आसपास पडतं, आणि संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर पंधरा मिनिटांत माणूस एक सिग्नलही ओलांडत नाही. म्हणून 108 ला फोन करायचाच, पण त्याच वेळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे ॲड्रेनालिन आहे का ते विचारायचं आणि पहिलं इंजेक्शन तिथेच द्यायला सांगायचं, मोठं हॉस्पिटल त्यानंतर. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे (दम लागत असेल तर टेकून बसू द्यायचं, पाय लांब), आणि त्याला चालवत जिना उतरवायचं नाही की बाईकवर मधे बसवून न्यायचं नाही. बीपी पडलेलं असताना अचानक उभं केल्यावर माणूस जागीच गेल्याच्या घटना आहेत. इंजेक्शनने बरं वाटलं तरी काही तास हॉस्पिटलमध्ये थांबायचं कारण त्रास दुसऱ्यांदा उलटू शकतो.

दोन अपवाद लक्षात ठेवावे लागतात. तोंडात किंवा घशात चावलं, रसवंतीवर उसाच्या रसाच्या ग्लासातून माशी तोंडात जाते तसं, तर ॲलर्जी नसतानाही नुसत्या सुजेने श्वास अडू शकतो, तिथे वाट बघायची नाही. आणि आग्या मोहोळ उठून पन्नास-शंभर डंख झाले तर तो विषाचाच प्रकार असतो, ॲलर्जी असो वा नसो. त्यात स्नायू फुटून लघवी चहासारखी काळपट होते, किडनीवर येतं, आणि हे एक-दोन दिवसांनीही दिसू शकतं, म्हणून माणूस बोलतोय-चालतोय तरी ॲडमिट करावं.

पुढच्या वेळी काय होईल हे सगळेच विचारतात. वहिनीसारखी मोठी सूज आलेल्यांना पुन्हा चावलं तर बहुतेक तशीच मोठी सूज येते, सगळ्या अंगावर ॲलर्जी उठण्याची शक्यता शंभरात पाच ते दहा जणांना, आणि जिवावर बेतणारी ॲनाफिलॅक्सिस त्याहून कमी जणांना. ज्यांना एकदा खरी ॲनाफिलॅक्सिस झाली आहे त्यांचा धोका यापेक्षा कितीतरी जास्त, त्यांनी चार-सहा आठवड्यांनी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन टेस्ट करावी आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ते आवर्जून सांगावं, कारण त्या गोळीवर असताना ॲड्रेनालिन नीट लागू पडत नाही. विषाच्या इंजेक्शनचा तीन ते पाच वर्षांचा कोर्स असतो ज्याने बहुतेकांना चांगलं संरक्षण मिळतं, पण तो सगळीकडे मिळत नाही. वहिनीच्या दांडीवरचं पोळं सोसायटीने त्याच आठवड्यात काढलं, आणि कपडे काढायच्या आधी ती आता दांडी एकदा वाजवून बघते.