कुंद हवेतला आवाज

जुलैत खानापूर-जांबोटीकडं पावसाची झड लागली की पापड सादळतात, कपडे वाळत नाहीत आणि घरोघरी लोक म्हणतात, "हवा जड झालीय." याच दिवसांत पीयूसीला असलेली पुतणी प्रॅक्टिकलची वही घेऊन आली. "काका, माझं उत्तर सूत्रापेक्षा जास्त येतंय."

प्रयोग रेझोनन्स ट्यूबचा होता. पाण्याची पातळी खाली नेत नेत, ५१२ हर्ट्झच्या नादकाट्याचा आवाज नळीत दोनदा घुमतो त्या दोन जागा टिपायच्या. तिच्या दोन जागांमधलं अंतर ३३.९ सेंटिमीटर होतं. हे अर्ध्या तरंगाइतकं असतं, म्हणून दुप्पट करून ५१२ नं गुणलं की आवाजाचा वेग येतो सेकंदाला सुमारे ३४७ मीटर. तापमान होतं २४ अंश.

सूत्र असं:

v = √(γRT/M)

T म्हणजे केल्विनमधलं तापमान, इथं २९७.१५. M म्हणजे वायूचा मोलभार, कोरड्या हवेसाठी ०.०२८९७ किलो. R हा वायू स्थिरांक, ८.३१४, आणि γ म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर, हवेसाठी १.४. उत्तर ३४५.५ मीटर. रेणू तापले की जास्त वेगानं धावतात आणि धक्का लवकर पुढं देतात. रेणू भारी असेल तर तो रेंगाळतो. हवेचा दाब सूत्रात नाहीच, कारण दाब घटला की घनताही त्याच प्रमाणात घटते.

मग दोन मीटर आले कुठून? नळीच्या तळाशी पाणी आहे. आतली हवा बाष्पानं जवळपास भरलेली असते, बाहेर कितीही ऊन असो. आणि बाष्प हवेत वरून भरलं जात नाही. तेवढ्याच दाबाला आणि तापमानाला तेवढ्याच जागेत रेणूंची संख्या तेवढीच राहते, म्हणून बाष्पाचा १८ भाराचा रेणू २८ च्या नायट्रोजनची किंवा ३२ च्या ऑक्सिजनची जागा घेतो. म्हणजे दमट हवा खरं तर हलकी! जड वाटते ती घाम वाळत नाही म्हणून.

बेळगाव साडेसातशे मीटर उंच, दाब थोडा कमी, त्यामुळं २४ अंशांना भरलेल्या हवेत दर शंभर रेणूंमागं सुमारे तीन पाण्याचे. सरासरी मोलभार २८.९७ ग्रॅमवरून २८.६ वर येतो आणि वेग ०.६ टक्के वाढतो. मात्र पाण्याचा तीन अणूंचा रेणू ऊर्जा स्वतःच्या फिरण्यातही जास्त मुरवतो. त्यानं γ किंचित उतरतो आणि ०.१ टक्का परत जातो. उरतात ३४७.३ मीटर.

पुतणी खूश झाली, पण तिला म्हटलं, थांब. या फरकानं दोन जागांमधलं अंतर पावणेदोन मिलिमीटरच वाढतं, आणि आवाज नेमका कुठं सर्वांत मोठा घुमला हे ठरवताना कानाची चूक सहज तेवढी होते. थर्मामीटर तीन अंशांनी चुकला तरी एवढाच फरक पडतो, कारण दर अंशाला वेग सुमारे ०.६ मीटरनं बदलतो. तिनं एकच रीडिंग घेतलं होतं. तेव्हा आता ती दहा घेणार आहे.