पाय हलला की पाय हलवला? मणक्याला मार लागल्यावर घोळ इथंच होतो

समजा निफाडच्या एका द्राक्षबागेत माणूस अनवाणी चाललाय आणि उजव्या पायात बाभळीचा काटा घुसला. पाय आधी वर येतो आणि "आई गं" नंतर निघतं, कारण पाय उचलायचा निर्णय मेंदूकडे जातच नाही, तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच उरकतो, यालाच रिफ्लेक्स म्हणतात. तळव्यातून दुखण्याचा सिग्नल आत आला की मधल्या छोट्या नर्व्ह सेल्स मांडी, गुडघा आणि घोटा वाकवणारे स्नायू चालू करतात, आणि त्याच वेळी पाय ताठ ठेवणारे समोरचे स्नायू बंद करतात. हे बंद करणं लोक विसरतात, पण तेच महत्त्वाचं, नाहीतर दोन्ही बाजूचे स्नायू एकमेकांशी ओढाताण करत बसतील आणि पाय काट्यावरच राहील. याला रेसिप्रोकल इनहिबिशन म्हणतात. डाव्या पायात बरोबर उलटं होतं, तिथे ताठ करणारे स्नायू चालू आणि वाकवणारे बंद, म्हणून सगळं वजन डाव्यावर येतं आणि गडी पडत नाही. हा क्रॉस्ड एक्स्टेन्सर, आणि तो थोडा उशिरा येतो, काटा टोचल्यापासून साधारण 0.2 ते 0.5 सेकंदांनी, कारण सिग्नलला पलीकडच्या बाजूला जाताना वाटेत बऱ्याच सेल्स ओलांडाव्या लागतात.

आता समजा हाच माणूस शेडच्या पत्र्यावरून पडला आणि मज्जारज्जू छातीच्या दहाव्या सेगमेंटला पूर्ण तुटला, म्हणजे साधारण बेंबीपासून खाली काही कळत नाही. तुटलेल्या जागेच्या खालची ती सगळी वायरिंग शाबूत आहे, तरी पहिले काही दिवस पाय अगदी लुळे, तळव्याला कितीही टोचा, काहीच होत नाही. याला स्पायनल शॉक म्हणतात. वरून मेंदूकडून सतत जो हलका करंट येत असतो त्याच्यावर खालच्या सेल्स जाग्या राहतात, तो एकदम तुटला की त्या गप्प होतात. बेडकात हे काही मिनिटांत सरतं, मांजरात-कुत्र्यात तास-दोन तासांत, माणसात मात्र बरेचदा दोन आठवडे किंवा जास्त, कारण आपल्या मज्जारज्जूला मेंदूची सवय जास्त. (ब्लड प्रेशर पडतं तो शॉक वेगळा, नाव सारखं म्हणून त्यात गुंतू नका.)

खरा घोळ यानंतर होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वहिनी पायावरची चादर ओढते आणि पाय टुणकन पोटाकडे येतो, कधी कधी दुसरा पाय ताठही होतो, की लगेच गावाकडे फोन, "अहो, भाऊंनी पाय हलवला!" त्यांचा आनंद समजतो, पण हे काट्याचंच सर्किट परत जागं झालंय, तेही मेंदूचा लगाम नसल्यामुळे आधीपेक्षा जास्त भडक, साध्या चादरीलाही उसळणारं. मेंदूकडून येणारी वाट जुळली असा याचा अर्थ नाही.

ओळखायचं कसं? रिफ्लेक्सची चाल ठरलेली असते: मांडी, गुडघा, घोटा तिन्ही एकदम वाकतात, अंगठा वर जातो, आणि टोचणं थांबलं तरी पाय थोडा वेळ तसाच राहतो. म्हणून चादर, हात सगळं बाजूला काढायचं, पेशंटला डोळे मिटायला सांगायचं आणि म्हणायचं, "भाऊ, पाय खाली दाबा", म्हणजे रिफ्लेक्सच्या उलट दिशेला. मग "फक्त अंगठा हलवा". मग "थांबा". सांगितल्यावर सुरू, सांगितल्यावर बंद, आणि हे दोन-तीनदा जमलं तर ती स्वतःची हालचाल, मग ती कितीही बारीक असो, लगेच डॉक्टरांना सांगा. डॉक्टर गुदद्वार तपासतात तेही याचसाठी, तिथे आतला दाब कळत असेल किंवा सांगितल्यावर आवळता येत असेल तर मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही. लोकांना हे लाजिरवाणं वाटतं आणि नको म्हणतात, पण पायाच्या उसळीपेक्षा ही तपासणी कितीतरी जास्त सांगून जाते. उलट बाजूही लक्षात ठेवा, शॉक चालू असताना पाय हलत नाहीत एवढ्यावरून कायमचं काही ठरवता येत नाही.

मार कंबरेच्या मणक्यांत, खालच्या नसांच्या जुडग्यालाच लागला असेल तर सर्किटच तुटतं, अशा पेशंटचे पाय पुढेही लुळेच राहू शकतात, उसळी येतच नाही.

आणि महिन्यांनी ज्याच्या उसळ्या अचानक वाढल्या त्याला "सुधारणा" म्हणू नका, आधी लघवीची पिशवी तुंबलीय का, नळी वाकलीय का, इन्फेक्शन आहे का, माकडहाडावर किंवा टाचेवर जखम झालीय का, अंगठ्याचं नख मांसात घुसलंय का ते बघा, कारण त्याला दुखणं कळत नाही पण मज्जारज्जूला कळतं आणि तो पाय ओढून तेवढंच सांगू शकतो.