तारीख उलटलेली प्रोटीन पावडर : डब्यात काय बदलतं, धोका कुठे उरतो

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा तालमीतला एक मुलगा व्हे प्रोटीनचे दोन डबे घेऊन आमच्या दुकानात आला. दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, दोन्हींची 'बेस्ट बिफोर' तारीख तीन आठवड्यांपूर्वी उलटलेली. एक सीलबंद, कपाटात ठेवलेला. दुसरा एप्रिलमध्ये फोडलेला, स्वयंपाकघरात शेगडीशेजारी.

सीलबंद डबा उघडला तर पावडर मोकळी, पांढरट, दुधासारख्या वासाची. फोडलेल्या डब्यात कडेला तळाशी ओलसर ढेकूळ चिकटलेलं, रंग तांबूस झालेला आणि कुबट वास. चौकशी केली तेव्हा कळलं, चमचा धुऊन तसाच ओला आत जायचा.

तांबूस रंगाचं कारण आपल्या कुंद्यात दिसतं. दुधातली साखर आणि प्रथिनं उष्णतेनं एकमेकांना बांधली जातात, म्हणून कुंद्याला तो रंग येतो. उबेला ठेवलेल्या डब्यातही हेच होतं, फक्त महिनोन्‌महिने, सावकाश. त्यात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी होतो. म्हणजे पोषण घटतं; पण एवढ्यानं कुणी आजारी पडत नाही.

खरा धोका ओलाव्याचा. कोरड्या पावडरीत जंतू वाढत नाहीत, पण काही जिवंत राहू शकतात, आणि पाणी मिळालं की वाढू लागतात. बुरशीलाही तेवढंच हवं असतं. आपल्याकडच्या पावसात पापड सादळतो, तशीच पावडर हवेतलं पाणी ओढते. दाबल्यावर सहज भुगा होणारी गुठळी, वास-रंग ठीक असेल तर, चालते. ओलसर ढेकूळ, कुबट किंवा खवट वास, बुरशीचा ठिपका दिसला तर अख्खा डबा टाका. वरचा थर काढून उरलेलं वापरू नका, गरम दुधात घातल्यानंही ते सुरक्षित होत नाही. माल्टवाली पेयं तर याहून लवकर सादळतात. एनर्जी बारमध्ये शेंगदाणे-बदाम असतात, त्यांचं तेल खवट होतं. बुरशी दिसली तर बार कापून खाऊ नका, बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही.

त्या मुलाला आम्ही फोडलेला डबा टाकायला सांगितलं. सीलबंद डबा धडधाकट माणसानं लवकर संपवला तर हरकत नाही, असंही सांगितलं, कारण 'बेस्ट बिफोर' ही चव आणि गुणवत्तेची तारीख आहे. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' लिहिलेलं असतं तर तोही टाकायला लावला असता. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर आणि आजारी माणसं यांना मात्र तारीख उलटलेलं काहीच देऊ नका.

लक्षात घ्या, छापलेली तारीख बंद डब्यासाठी असते. डबा फोडला की लेबलवर 'उघडल्यानंतर किती दिवसांत संपवा' ते वाचा आणि झाकणावर पेनानं उघडल्याची तारीख लिहा. चमचा कोरडा असू द्या, डबा शेगडीपासून लांब ठेवा. तारीख जवळ आलेला डबा आमच्याकडून घेताना आम्ही आधी सांगतो; सांगायचं राहिलं तर सीलबंद डबा परत आणा, बदलून देऊ.