प्रबंधावर वाङ्मयचौर्याची तक्रार आली तर : चौकशी कशी होते, शिक्षा किती, तयारी काय

एमए-एमएस्सीचा किंवा पीएचडीचा प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासला, इतर लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराचा आकडा मोठा आला आणि विभागातून बोलावणं आलं, की बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी एक चूक करतात. कुणीतरी सांगतं, ‘माफीनामा लिहून दे, प्रकरण मिटेल.’ घाबरून तो लिहून दिला जातो. तो तुमचा लेखी कबुलीजबाब ठरतो. पुढे दुसऱ्यांदा असाच प्रकार सिद्ध झाला, तर शिक्षा एक पायरी वरची लागते. म्हणून रिपोर्ट हातात येईपर्यंत कशावरही सही करू नका.

या प्रकरणांना यूजीसीचे 2018 चे नियम लागू होतात. तक्रार आधी विभागाच्या समितीकडे, म्हणजे डीएआयपीकडे जाते. विभागप्रमुख तिचे अध्यक्ष असतात. दुसरे सदस्य विभागाबाहेरचे ज्येष्ठ प्राध्यापक आणि तिसरे सॉफ्टवेअरची जाण असलेले. तिथून अहवाल संस्थेच्या समितीकडे, आयएआयपीकडे जातो. या समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि दोन्ही समित्यांचे अध्यक्ष वेगळे असावे लागतात. अहवाल द्यायला प्रत्येक समितीला 45 दिवस असतात. हे दिवस आपल्याला खुलाशासाठी आहेत असं समजून मुलं निवांत राहतात, तसं नाही. तुमच्या खुलाशाची तारीख नोटिशीत वेगळी दिलेली असते आणि ती अनेकदा अगदी जवळची असते. वेळ पुरत नसेल तर मुदतवाढ लेखी मागा आणि अर्जावर आवक क्रमांक घालून पोच घ्या. तोंडी ‘बघू’ला काही अर्थ नाही.

शिक्षा जुळलेल्या मजकुराच्या टक्क्यांवर ठरते. दहा टक्क्यांपर्यंत काही नाही. दहाच्या पुढे चाळीसपर्यंत असेल तर सुधारित प्रबंध जास्तीत जास्त सहा महिन्यांत द्यायचा. चाळीसच्या पुढे साठपर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेलं की त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. पदवी मिळाल्यानंतर प्रकरण सिद्ध झालं तर पदवी स्थगित ठेवता येते.

खरी गोम टक्क्यांत आहे आणि नेमका हाच कागद विद्यार्थ्याकडे नसतो. हातात फक्त आकडा असलेलं पहिलं पान देतात. तुम्हाला पूर्ण सिमिलॅरिटी रिपोर्ट हवा, कुठला मजकूर कुठल्या स्रोताशी जुळला हे रंगांनी दाखवणारा. तो लेखी अर्ज करून मागा. नियमांनुसार संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाण समीकरणं मोजणीतून वगळायची असतात. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सामान्य किंवा योगायोगाचं साम्यही धरायचं नसतं. पण सॉफ्टवेअरमध्ये ही गाळणी कुणीतरी लावावी लागते आणि घाईत ती राहून जाते.

बाजार समित्यांवरचा वीस हजार शब्दांचा एक प्रबंध उदाहरणादाखल घेऊ. जुळलेले शब्द 8,800, म्हणजे 44 टक्के, म्हणजे वर्ष गेलं. त्यातले 1,800 शब्द संदर्भसूचीचे, 1,400 बाजार समिती कायद्याच्या कलमांचे आणि 1,200 श्रेय दिलेल्या अवतरणांचे निघाले. उरले 4,400. एकूण शब्दांत मोजले तर 22 टक्के, वगळलेले शब्द एकूणमधूनही काढले तर साधारण 28. कसंही मोजा, प्रकरण खालच्या पायरीवर आलं. अजून एक गोष्ट पाहा : पहिला मसुदा सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा झाला असेल, तर दुसऱ्या तपासणीत प्रबंध स्वतःशीच जुळतो आणि आकडा भलताच फुगतो. स्रोतांच्या यादीत तुमच्याच संस्थेचं नाव सगळ्यात वर दिसलं की हीच शंका आधी घ्या.

खुलासा दोन पानांचा पुरे. पान क्रमांक, जुळलेला मजकूर, तो का वगळावा किंवा कुठे चूक झाली, एवढाच तक्ता करा. सोबत तारखा असलेले मसुदे, गाईडना पाठवलेले ईमेल आणि वाचनाची टिपणं जोडा. जिथे परिच्छेद खरोखर श्रेय न देता उचलला आहे, तिथे पानासकट सांगा आणि दुरुस्त पान बरोबर न्या. समितीपुढे ‘सगळेच असं करतात’ म्हणणारा विद्यार्थी स्वतःची बाजू स्वतःच पाडतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. उत्तर आठवत नसेल तर तक्त्यात बघून सांगा, ती काही तोंडी परीक्षा नाही.

आयएआयपीच्या अहवालाची प्रत तुम्हाला द्यावी लागते, ती मागून घ्या. बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाल्याशिवाय आणि अपिलाचे सगळे मार्ग संपल्याशिवाय शिक्षा लावता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. म्हणून तुमच्या विद्यापीठात अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे निर्णयाची वाट न पाहता आधीच विचारून ठेवा. सुधारित प्रबंध द्यायला सांगितला असेल तर पत्रावरची तारीख वाचा. सहा महिने ही कमाल मर्यादा आहे, तुम्हाला दिलेली मुदत त्याहून बरीच कमी असू शकते.