परिपाठातलं चिप्सचं भाषण, आणि त्याच्या मागची तीस वर्षं

मागच्या मंगळवारी आमच्या शाळेच्या परिपाठात सातवीतल्या एका पोरीनं भाषण केलं, विषय होता "पुड्यातलं नको, घरचं खा". राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झालं आणि पोरगी पुढं आली. पाठांतर एकदम खणखणीत, "जंक फूड हे शरीराचे शत्रू आहे, रोज एक सफरचंद खावे" वगैरे. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबल्या तसा तिसरीच्या रांगेतून चुर्रर्र आवाज आला. एका लेकराच्या खिशात पाच रुपयांचा पुडा होता आणि त्यावर मागच्यानं कोपर दाबलं होतं. सगळी शाळा हसली, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. हे भाषण आता जवळपास प्रत्येक शाळेत वर्षातून दोन-तीनदा होतं. पोषण सप्ताहात होतं, बालदिनाला होतं, कधी कधी तर वरून परिपत्रक आलं म्हणून होतं. पण माझ्या लहानपणी असलं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. ती कधी पडली आणि कशी, ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पूर्वी लेकरं फक्त भाकरी आणि फळंच खायची असं काही नव्हतं. आठवडी बाजारात शेव, भजी, गोडीशेव, आणि बोटात घालून खायच्या त्या पिवळ्या नळ्या होत्याच, पण बाजार आठवड्यातून एकदा भरायचा. बाकी सहा दिवस जे मिळायचं ते झाडावरचं, शेतातलं, नाहीतर चुलीवरचं. बोरं, चिंचा, कवठ, हरभऱ्याचा ढाळा, हुरडा, उकडलेल्या शेंगा, आणि भूक लागली की शिळी भाकरी-चटणी नाहीतर सकाळचं धपाटं. आणि ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्यात त्यांना माहितीय, तेव्हा दुष्काळी कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला ती लाल मिलो ज्वारी. माझी आजी मिलोचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. त्या पिढीला खाण्यात निवड करायला भाषणाची काय गरज होती, निवडच नव्हती.

आता १९९५ हे साल बघा, मला हे साल फार गमतीचं वाटतं. त्या वर्षी १५ ऑगस्टला केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली, आणि त्याच वर्षी भारतात लेज आलं. (अंकल चिप्स त्याच्या तीन वर्षं आधी, १९९२ ला आलं होतं, आणि कुरकुरे नंतर १९९९ ला.) म्हणजे शाळेची खिचडी आणि चिप्सचा पुडा एकाच वयाचे. पण सुरुवातीला आपल्याकडं खिचडी नव्हतीच, हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. पिशवी घेऊन तांदळाच्या रांगेत उभी राहिलेली पिढी आता चाळिशीत आली. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या ताटात जायचा, लेकराच्या वाट्याला किती आला ते कुणी बघत नव्हतं. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कच्चं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या, आणि मग हळूहळू शाळेत चूल पेटली.

पुडा मात्र आधी शहरात राहिला, मग एसटी स्टँडवर आला, मग तालुक्याला, आणि शेवटी वाडी-तांड्यावरच्या टपरीत लडी होऊन लटकला. लडी हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का. दुकानदाराला त्यासाठी बरणी लागत नाही, तराजू लागत नाही, कपाट लागत नाही, एक खिळा ठोकला की झालं. लेकराच्या डोळ्यासमोर बरोबर लटकतं, हाताला येतं. किंमत नाण्यात ठरलेली, पाच रुपये. महागाई वाढली तरी पुड्यावर पाचच राहतात, आतलं वजन कमी होतं, पण लेकरू वजन बघत नाही, नाणं बघतं.

आणि नाणं लेकराच्या हातात का येतं हे पण बघा. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, आई सकाळी सातला शेतात जाते. भाकरी टोपल्यात झाकून ठेवलेली असते, पण थंड, आणि सोबत दहा रुपये, "खा काहीतरी" म्हणून. बीडकडं तर आईबाप ऊसतोडीला सहा-सहा महिने जातात, लेकरू आजीजवळ, आजीला डबा करणं होत नाही, ती कनवटीचे पाच रुपये काढून देते. हे काही वाईट वळण नाही हो, ती तिची माया आहे. आपलं भाषण या मायेला उत्तर देत नाही, ते नुसतं लेकराला रागावतं.

आता सरकारनं काय काय केलं ते. दिल्लीत २०१० मध्ये एका संस्थेनं हायकोर्टात याचिका टाकली की शाळेत आणि शाळेजवळ जंक फूड विकू देऊ नका. २०१५ मध्ये कोर्टानं अन्नसुरक्षा प्राधिकरणाला, म्हणजे एफएसएसएआयला, शाळांसाठी मार्गदर्शक सूचना अंमलात आणायला सांगितलं. आपल्या महाराष्ट्रानं मे २०१७ मध्ये शाळेच्या कॅन्टीनमध्ये चिप्स, नूडल्स, कोल्ड्रिंक असले पदार्थ बंद करायचा जीआर काढला. आमच्या गावात तो वाचून सगळे हसले, कारण कॅन्टीन कुठंय? मग २०२० मध्ये देशभराचे नियम निघाले आणि जुलै २०२१ पासून लागू झाले, की जास्त फॅट, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. भाषणात सारखं येणारं "जास्त मीठ, साखर, चरबी" हे शब्द इथूनच खाली झिरपत आलेत, परिपत्रकातून मास्तरकडं, मास्तरकडून लेकराकडं.

म्हणून ते भाषण असं कोरडं लागतं, त्यात पुडा फोडून कुणी बघितलेलाच नसतो. आम्ही बघितला. बुधवारी त्याच पोरीला आणि अजून चार जणांना घेऊन बसलो, दहा रुपयांचा एक बटाटा चिप्सचा पुडा घेतला आणि पाठीमागची बारीक अक्षरं मोबाईलनं मोठी करून वाचली. आमच्या पुड्यात साधारण वीस ग्रॅम माल. तक्त्यात आकडे १०० ग्रॅमचे लिहिलेले असतात, तिथंच सगळे गंडतात, लेकरंच काय मास्तर पण. १०० ग्रॅममागे साधारण ३५ ग्रॅम फॅट, म्हणजे त्याचा पाचवा भाग धरला तर आपल्या पुड्यात ७ ग्रॅम तेल. चिप्समधल्या फॅटचा बहुतेक भाग तळणाचं तेलच असतं, बटाट्यात तसं तेल जवळपास नसतंच. दुसरी गंमत मिठाची, पुड्यावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात मिलिग्रॅममध्ये, त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ.

मग मी पोषण आहाराचा निकष काढला. पहिली ते पाचवीच्या एका लेकरासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, आणि तेल ५ ग्रॅम. पाच! म्हणजे शाळेच्या पूर्ण ताटात जेवढं तेल पडावं असा निकष आहे त्यापेक्षा जास्त त्या एका पुड्यात. खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून तेल मागून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत ७ ग्रॅम मोजलं, साधारण दीड चमचा झालं. वाटी हातोहात फिरली. एक जण म्हणला, "सर, एवढं तेल कोण पितंय?" दुसरा म्हणला, "तूच पितोस की रोज."

खरं नुकसान मला मात्र तेलाचं कमी वाटतं आणि वेळेचं जास्त. लेकरू सकाळी दहा वाजता पुडा खातं, त्याची भूक मोडते, दुपारच्या सुट्टीत खिचडीची अर्धी ताटली तशीच राहते. त्या अर्ध्या ताटलीत डाळ होती, भाजी होती, बऱ्याच लेकरांचं दिवसातलं एकमेव धड जेवण तेच असतं. आमच्याकडची लेकरं जाड नाहीत, किरकोळ अंगाची आहेत, त्यामुळं भाषणातलं "लठ्ठपणा वाढतो" हे वाक्य त्यांना दुसऱ्या कुणाबद्दल तरी वाटतं. कोण पुडा खाऊन आलंय ते मला ताटली धुवायच्या ठिकाणी कळतं, खरकट्याची बादली बघून.

आणि ते सफरचंद! काश्मीरहून आलेलं, एक नग वीस-पंचवीस रुपयाला, हे आमच्या लेकरानं रोज खायचं? मराठवाड्याच्या फळांना २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाडा केसर आंबा, आणि शेजारी अर्धापूरची केळी ट्रकानं बाहेर जातात. भाषण इंटरनेटवरून उतरवलेलं, म्हणून त्यात सफरचंद आलं. मी पोरीला म्हणलं, सफरचंद काढ, तुझ्या घरी काय असतं ते लिही. तिनं लिहिलं, शेंगदाणे-गूळ, धपाटं, मुरमुऱ्यांचा सुशीला, पेरू, केळ. सुशीला वाचून मलाच भूक लागली.

मग सहावीतल्या एका पोरानं विचारलं, सर, ५० मीटर म्हणजे कुठपर्यंत? खेळाच्या सामानातला ३० मीटरचा टेप काढला, एक टोक गेटला धरलं. दुकान टेपच्या आतच आलं.

दुकान एका म्हाताऱ्या मावशीचं, तिचा नातू आमच्याच चौथीत. तिला नियम सांगायला मला लाज वाटली, पण सांगितला. ती म्हणली, "मी केळी ठेवून बघितली की बाबा. बारा आणली, पाच गेली, सात काळी पडली, ती आम्हीच खाल्ली. हे पुडे दिवाळीला आणले तरी होळीला विकतेत." खरंच आहे, चंदेरी पुड्यात हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळं तेलाला लवकर खवट वास येत नाही, माल महिनोन्महिने टिकतो. केळ तिसऱ्या दिवशी काळं पडतं. शेवटी असं ठरवलंय की सोमवार आणि गुरुवार, दोनच दिवस तिनं केळी आणायची, एक डझन, आणि उरतील ती दुपारच्या सुट्टीत आम्ही मास्तर लोकांनी विकत घ्यायची. पहिल्या गुरुवारी चार उरली. लडी खिळ्यालाच आहे अजून, फक्त तिनं ती आतल्या बाजूला टांगलीय.